सोल एजन्सी मागायची तर आधी दुकानं मोजा

कंपनीकडे एखाद्या भागाची सोल एजन्सी मागायला गेलेला नवखा माणूस बहुतेक वेळा एकच वाक्य घेऊन जातो: ‘अख्खा जिल्हा मला द्या, माल मी खपवून दाखवतो.’ कंपनीचा एरिया मॅनेजर हे वाक्य आठवड्यातून दोनदा ऐकतो. त्याला एवढंच कळायला हवं असतं की तुम्हाला जिल्हा दिला, दुसऱ्या कुणाला दिला नाही आणि माल हललाच नाही, तर वर्षभराचं नुकसान कुणी सोसायचं. एजन्सीच्या पत्रातला प्रत्येक आकडा याच प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी असतो.

उदाहरण एकच धरू, म्हणजे सगळे आकडे एका धाग्यात राहतील. समजा तुमचं सांगलीत खतं-औषधांचं होलसेल आहे, टेम्पो आहे आणि कृषी सेवा केंद्रांशी रोजचा व्यवहार आहे. राजकोटच्या एका कंपनीचा १६ लिटरचा बॅटरीवरचा फवारणी पंप तुम्हाला सांगली जिल्ह्यात एकट्याने विकायचा आहे. खालचे सगळे भाव आणि नग समजुतीसाठी धरलेले आहेत. तुमचे आकडे तुम्हालाच फिरून काढावे लागतील.

‘सोल’ म्हणजे नेमकं काय, हे आधी ठरवा

बाजारात ‘सोल’ आणि ‘एक्स्क्लुझिव्ह’ हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने फिरतात, करारात मात्र ते वेगळे पडू शकतात. सर्वसाधारण अर्थाने ‘सोल’ म्हणजे कंपनी तुमच्या भागात दुसरा वितरक नेमणार नाही, पण स्वतः थेट विकू शकेल. ‘एक्स्क्लुझिव्ह’मध्ये कंपनीनेही तिथे थेट विकायचं नसतं. शब्दावर विसंबून राहू नका. कोण विकू शकेल आणि कोण नाही, हे वाक्यातच लिहून घ्या.

आणखी एक गोष्ट. आपण ‘एजन्सी’ म्हणतो, पण कायद्याच्या भाषेत तुम्ही एजंट नसता. तुम्ही माल स्वतःच्या नावावर विकत घेता आणि स्वतःच्या बिलावर विकता. म्हणून न खपलेला माल आणि बुडालेली उधारी तुमचीच. कंपनी हक्क देते, धोका तुमच्याकडेच राहतो. म्हणूनच हक्काची किंमत म्हणून किती नगांचं वचन द्यायचं, हा सगळ्यात नाजूक आकडा आहे.

भाग छोटा मागा

सांगली जिल्ह्यात दहा तालुके आहेत. त्या दहाही तालुक्यांत तुमचा टेम्पो आठवड्याला जातो का? जत आणि आटपाडीला महिन्यातून एकदा जात असाल, तर तिथली दुकानं तुमच्या नावावर अडकवून ठेवण्यात कंपनीला काहीच फायदा नाही, आणि हे तिला नकाशावर दिसतं. या उदाहरणात आपण पाच तालुके मागू: मिरज, तासगाव, पलूस, कडेगाव आणि वाळवा. उरलेल्या पाचांसाठी ‘पहिल्या वर्षाचं वचन पूर्ण झाल्यास आधी आम्हाला विचारावं’ एवढीच ओळ घाला. ती सहसा मान्य होते, कारण तिच्यासाठी कंपनीला आज काहीच द्यावं लागत नाही.

तालुके निवडतानाही पिकं बघा. तासगाव म्हटलं की द्राक्ष डोळ्यांसमोर येतं आणि पंपाचा आकडा फुगवावासा वाटतो. पण द्राक्षबागेत मोठी फवारणी ट्रॅक्टरच्या ब्लोअरने होते. पाठीवरचा पंप तिथे तणनाशकाला आणि लहान तुकड्यांना लागतो. त्याचा खरा गिऱ्हाईक सोयाबीनवाला, भाजीपाल्यावाला आणि उसात तणनाशक मारणारा आहे. राजकोटला बसलेल्या माणसाला हे माहीत नसेल, पण त्याच्या एरिया मॅनेजरला नक्की माहीत असतं. एक फुगवलेला आकडा त्याने पकडला की बाकीच्या चांगल्या आकड्यांवरूनही त्याचा विश्वास उडतो.

अंदाज: दुकानापासून वर

‘जिल्ह्यात इतके शेतकरी, त्यातल्या पाच टक्क्यांनी पंप घेतला तरी…’ हा हिशोब कागदावर सोपा असतो आणि कंपनीत कुणी तो वाचतही नाही. अंदाज दुकान मोजून करा. यासाठी तीन आठवडे फिरावं लागतं. दुकानदाराला चार गोष्टी विचारा: गेल्या वर्षी किती पंप गेले, कुठल्या कंपनीचे, काय भावाने घेतले, आणि परत काय आलं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुकानदार वाढवूनच सांगतो. तो आकडा पडताळायला एक साधी युक्ती आहे. चार्जर आणि वॉशर किती विकले ते विचारा. सुट्या भागांची विक्री कुणी फुगवून सांगत नाही, कारण त्यात मोठेपणा नसतो. वर्षाला शंभर पंप विकतो म्हणणाऱ्याकडे वर्षभरात चारच चार्जर गेले असतील, तर एक तर शंभर हा आकडा खोटा आहे, नाहीतर त्याचं गिऱ्हाईक दुरुस्तीला दुसरीकडे जातं. दोन्ही गोष्टी तुमच्या उपयोगाच्या आहेत.

समजा पाच तालुक्यांत तुम्ही ९० दुकानं फिरलात. त्यातली ७० पंप विकतात, सरासरी वर्षाला ४५ नग. म्हणजे बाजार ३,१५० नगांचा. हा बाजाराचा आकडा आहे, तुमच्या विक्रीचा नव्हे. नवी कंपनी ठेवायला हो म्हणाली ती ४० दुकानं. त्यांची एकूण विक्री १,८०० नग. अशा दुकानात पहिल्या वर्षी चार पंपांतला एक तुमचा गेला, तर ४५० नग होतात. ऑक्टोबरपासून आणखी २० दुकानं जोडली, तर त्यांच्या वाट्याला रब्बीचाच हंगाम येतो. वर्षाच्या विक्रीतला ३५ टक्के भाग रब्बीचा धरला आणि त्यातला चौथा हिस्सा घेतला, की ८० च्या आसपास नग वाढतात. बेरीज ५३०.

हाच हिशोब आणखी दोनदा करा. चौथ्या हिश्शाऐवजी १५ टक्केच मिळाले आणि नवी दुकानं जोडलीच गेली नाहीत, तर २७०. ३५ टक्के मिळाले आणि वीस दुकानंही आली, तर ७४०. पत्रात तिन्ही आकडे द्या आणि कुठला आकडा कशावर उभा आहे, ते एकेका ओळीत सांगा. एकच आकडा देणारा माणूस एक तर अंदाजपंचे बोलतो, नाहीतर काहीतरी लपवतो, असं वाचणाऱ्याला वाटतं.

मधला आकडा तिमाहीत फोडा: एप्रिल ते जून ११२, जुलै ते सप्टेंबर १८०, ऑक्टोबर ते डिसेंबर १६०, जानेवारी ते मार्च ७८. ही फोड कंपनीच्या उत्पादन नियोजनाला लागते, आणि तुमच्या बचावालाही. वर्षाचं उद्दिष्ट बाराने भागून दर महिन्याला ४४ नग मागणारी कंपनी मार्चमध्ये तुमच्यावर माल लोटते. हंगामाप्रमाणे केलेली फोड आधीच मान्य झालेली असेल, तर ‘मार्चचा आकडा ठरलेलाच आहे’ असं तुम्ही सांगू शकता.

हा विक्रीचा अंदाज शेतकऱ्याच्या हातात गेलेल्या नगांचा आहे, हेही स्पष्ट लिहा. तुम्ही कंपनीकडून उचललेला माल, दुकानात टाकलेला माल आणि शेतकऱ्याने नेलेला माल हे तीन वेगळे आकडे आहेत. पहिल्या तिमाहीत चाळीस दुकानांत प्रत्येकी तीन पंप टाकले, की १२० नगांची झोकदार विक्री दिसते. पुढच्या तिमाहीत नवी ऑर्डर येत नाही, कारण ते पंप अजून दुकानातच असतात. कंपनी तेव्हा विचारते, ‘सुरुवात तर चांगली होती, मग काय झालं?’

स्वतःसाठीचा हिशोब, जो पत्रात जात नाही

पंप तुम्हाला जीएसटी सोडून २,००० रुपयांना पडतो आणि दुकानाला तुम्ही २,३०० ला देता असं धरा. ५३० नगांवर ३०० रुपयांप्रमाणे १,५९,००० रुपये सुटतात. फक्त या पंपासाठी महिना १५,००० पगाराचा एक सेल्समन ठेवला, तर वर्षाला १,८०,००० जातात. म्हणजे ही एजन्सी एकटी पोट भरत नाही. ती तुमच्या चालू टेम्पोत, चालू माणसाच्या हातून जाणार असेल तरच परवडते. हा हिशोब आधी झाला, तर सुट्या भागांवर जास्त मार्जिन किंवा वर्षअखेर टर्नओव्हर डिस्काउंट का मागायचा, हे तुम्हाला कळतं.

भांडवलही बघा. जुलैमध्ये गोडाऊनला १२० पंप असतील, तर त्यात २,४०,००० अडकतात. दुकानांकडे १५० पंपांची उधारी असेल, तर ३,४५,०००. दोन्ही मिळून जवळपास सहा लाख. कंपनीकडून उधारी मिळेलच असं धरू नका. मिळाली तरी एक खाच आहे. कंपनी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेली असेल, तर कायद्याने तिचं बिल लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत द्यावं लागतं. ही मुदत ओलांडली, तर आयकरात त्या खर्चाची वजावट पैसे प्रत्यक्ष दिल्यावरच मिळते. म्हणून साठ-नव्वद दिवसांची उधारी मागून घेण्याआधी सीएशी बोला. बँकेची सीसी लिमिट असेल तर तिचं पत्र अर्जाला जोडा. ‘आर्थिक क्षमता उत्तम’ या ओळीपेक्षा ते पत्र जास्त बोलतं.

मार्केटिंगचा आराखडा म्हणजे तारखा, गावं आणि खर्च

‘सोशल मीडिया, बॅनर, शेतकरी मेळावे’ असं लिहिलेला आराखडा कुणीही लिहू शकतो, म्हणून त्याला किंमत नाही. पंपाच्या बाबतीत दोनच गोष्टी माल हलवतात: प्रात्यक्षिक आणि दुरुस्ती.

प्रात्यक्षिक आठवडी बाजाराच्या दिवशी दुकानाच्या दारात करा. टाकीत साधं पाणी भरा, औषध नको. सोळा लिटर भरलेला पंप शेतकऱ्याच्या पाठीवर द्या, कारण त्याला पहिल्यांदा वजन आणि पट्टा तपासायचा असतो. मग नोझल मापाच्या भांड्यात धरून एका मिनिटात किती पाणी पडतं ते मोजून दाखवा, आणि शेजारी त्याच्या घरचा जुना पंप असेल तर त्याचंही मोजा. ‘एका चार्जिंगवर किती टाक्या होतात?’ हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर माहितीपत्रकातून देऊ नका, स्वतः पंप रिकामा करून मोजलेलं द्या, आणि बॅटरी ‘बारा बाय आठ’ आहे की ‘बारा बाय बारा’, म्हणजे बारा व्होल्टची आणि आठ ॲम्पिअर-अवरची की बाराची, ते सांगा. शेवटी खालचं झाकण उघडून चार्जिंगची पिन आणि फ्यूज कुठे आहे ते दाखवा. झाकण उघडलं की लोक पुढे सरकतात.

वर्षभराचा खर्च असा मांडता येईल: २४ प्रात्यक्षिकं प्रत्येकी १,५०० प्रमाणे ३६,०००, ४० दुकानांचे फलक प्रत्येकी ६०० प्रमाणे २४,०००, सुट्या भागांचे संच आणि हंगामात बदली द्यायला दोन-तीन पंप यासाठी २०,०००. एकूण ८०,०००. यातला निम्मा वाटा कंपनीकडे मागा आणि तो क्रेडिट नोटने कधी मिळेल, ते लिहून घ्या. इथे पैसे बुडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे खर्च आधी झाला आणि मंजुरी नंतर मागितली. क्लेमला ईमेलवरची आगाऊ मंजुरी, जीएसटीचं बिल आणि दुकानासह फोटो लागतो. यातलं एक जरी नसलं, तरी क्लेम ‘प्रोसेसमध्ये’ राहतो आणि आर्थिक वर्ष संपलं की मरतो.

आधी थोडा माल विका, मग पत्र द्या

एजन्सी न मागता सुरुवातीला वीस-पंचवीस पंप रोख घ्या आणि पाच-सहा दुकानांत विका. महिन्याभरात किती गेले, किती परत आले आणि का आले, ते लिहून ठेवा. ही एका पानाची नोंद अर्जातली सगळ्यात वजनदार गोष्ट असते. अर्जाची वेळ जानेवारी-फेब्रुवारी. एप्रिलपासूनची उद्दिष्टं त्या सुमारास ठरतात आणि खरिपाचा माल तेव्हाच बुक होतो. जूनमध्ये मागणाऱ्याला ‘पुढच्या वर्षी बघू’ हे उत्तर मिळतं.

पत्र दोन पानांचं, बाकी सगळं जोडपत्रात. ते एरिया मॅनेजरच्या हातून वर जाऊ द्या. त्याला डावलून थेट मालकाला गाठलं, तर शेवटी मत त्याचंच विचारलं जातं. मधला परिच्छेद असा असू शकतो. कंपनी राजकोटची असल्याने तो हिंदी किंवा इंग्रजीत जाईल, पण मजकूर हाच:

‘मिरज, तासगाव, पलूस, कडेगाव व वाळवा या पाच तालुक्यांसाठी आम्ही एकमेव वितरक म्हणून नेमणूक मागत आहोत. सोबत ९० दुकानांची पाहणी (जोडपत्र १) व २५ पंपांच्या चाचणी विक्रीचा तपशील (जोडपत्र २) आहे. पहिल्या वर्षी ५३० नगांचा आमचा अंदाज असून ३५० नगांची किमान खरेदी आम्ही मान्य करतो. त्याबदल्यात या तालुक्यांत कंपनीने अन्य वितरक नेमू नये व दुकानांना थेट बिल करू नये, ही विनंती.’

किमान खरेदी ३५० का? ५३० लिहिली, तर एखादा महिना पाऊस लांबला तरी तुम्ही करार मोडलेला ठरता. २७० लिहिली, तर कंपनी म्हणते की एवढ्यासाठी पाच तालुके का बांधून ठेवायचे? वचन कमी अंदाजाच्या वर आणि मधल्या अंदाजाच्या बरंच खाली ठेवा. दुसऱ्या वर्षी ५०० मान्य करायला हरकत नाही. ही अट वर्षाची असावी, महिन्याची नको. दोन सवलती मागा: कंपनीने ऑर्डरप्रमाणे माल वेळेत दिला नाही तर तेवढे नग वजा, आणि राज्य शासनाने एखाद्या तालुक्यात दुष्काळ जाहीर केला तर त्या तालुक्यापुरतं उद्दिष्ट कमी. ‘पाऊस कमी झाला तर’ अशी सैल भाषा नको. जाहीर झालेला शासन निर्णय दोन्ही बाजूंना दाखवता येतो.

हक्क कुठून गळतो

एजन्सी मिळाल्यावरची भांडणं चार वाटांनी येतात, आणि चारही करारात आधी बंद करता येतात.

पहिली वाट जुन्या बिलांची. तुमच्या भागातली जी दुकानं आधीपासून कंपनीकडून थेट माल घेतात, त्यांची नावानिशी यादी मागा. ती आजपासून तुमच्याकडे येणार की तशीच राहणार, ते लिहा. दुसरी वाट ऑनलाइनची. पंप मोबाइलवर तुमच्या दुकानदाराच्या खरेदीपेक्षा स्वस्त दिसला, तर पहिला फोन तुम्हालाच येतो. कंपनी ऑनलाइन विक्री बंद करणार नाही, पण ऑनलाइनसाठी वेगळं मॉडेल ठेवायला तयार होऊ शकते. तिसरी सरकारी खरेदी आणि साखर कारखान्यांच्या मोठ्या ऑर्डरी. या कंपनी बहुधा स्वतःकडेच ठेवते. त्यावर हक्क मागत बसण्यापेक्षा, त्या पंपांची दुरुस्ती तुम्ही करणार असाल तर नगामागे सेवाशुल्क मागणं जास्त फळतं.

चौथी वाट शेजारच्या जिल्ह्याची. कोल्हापूर किंवा साताऱ्याचा वितरक स्कीमचा माल मिळाला की शंभर रुपये कमी करून वाळव्यात उतरवतो. त्यावर इलाज सिरियल नंबरचा. कंपनीने प्रत्येक बिलावर सिरियल नंबर छापावेत अशी अट घाला. मग वाळव्यातल्या दुकानात सापडलेला पंप कुणाच्या बिलातून आला, ते पाच मिनिटांत कळतं. नंबर नसेल तर तुमची तक्रार म्हणजे नुसतं गाऱ्हाणं. कंपनीने अशा वेळी काय करायचं, तेही ठरवा: पहिल्यांदा लेखी समज, दुसऱ्यांदा त्या वितरकाची स्कीम बंद.

इथे एक मर्यादा लक्षात ठेवा. ठरावीक भागापुरतं वितरण बांधणं हे स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३(४) खाली तपासलं जाऊ शकतं. ते आपोआप बेकायदा नसतं, त्याने बाजारातल्या स्पर्धेवर लक्षणीय वाईट परिणाम होतो का, ते पाहिलं जातं. पाच तालुक्यांच्या पंपाच्या एजन्सीला सहसा त्याची झळ लागत नाही. पण ‘या भावाखाली कुणी विकायचं नाही’ अशी अट करारात घालू नका, कारण पुनर्विक्रीचा भाव बांधून देणं त्याच कलमात येतं.

बॅटरी आणि करार संपण्याची कलमं

ही कलमं नवखे लोक वाचतच नाहीत. पंपातली लेड-ॲसिड बॅटरी न वापरताही हळूहळू उतरते. दोन-तीन महिन्यांत एकदा चार्ज केली नाही, तर ती गोडाऊनमध्येच खराब होते. वॉरंटी सहा महिन्यांची धरली आणि ती कंपनीच्या बिलाच्या तारखेपासून मोजली, तर ऑक्टोबरमध्ये घेतलेला आणि मे महिन्यात विकलेला पंप शेतकऱ्याच्या हातात जातानाच वॉरंटीबाहेर असतो, आणि बॅटरी तुम्ही पदरची देता. म्हणून वॉरंटी शेतकऱ्याच्या बिलापासून मागा. कंपनी त्यावर कमाल मुदत घालेल, उदाहरणार्थ त्यांच्या बिलापासून १२ महिने. ते रास्त आहे. मात्र शिल्लक पंप दर दोन महिन्यांनी चार्ज करायचं वेळापत्रक तुम्ही पाळलं पाहिजे आणि त्याची वही ठेवली पाहिजे.

करार संपला तर शिल्लक मालाचं काय? कंपनीने खरेदी किमतीला परत घ्यावा, असं लिहून घ्या. ती बॅटरीची हालत बघून घेईल, तेव्हाही हीच चार्जिंगची वही उपयोगी पडते. कंपनीकडे अनामत ठेवली असेल तर ती किती दिवसांत परत मिळणार, मंजूर क्लेमचे पैसे आणि वॉरंटीतल्या पंपांची दुरुस्ती करार संपल्यावर कुणी पाहायची, हेही त्याच पानावर यायला हवं. बिलाच्या तळाशी ‘राजकोट न्यायालयाच्या अधीन’ असं छापलेलं असतं. ते बदलून घेणं अवघड असतं, पण वाद आधी लवादाकडे आणि सुनावणी ऑनलाइन, एवढं मागून बघता येतं.

नेमणुकीचं एक पानी पत्र आलं की बरेच जण पेढे वाटतात. त्या पत्रात तालुक्यांची नावं, मुदत, किमान खरेदी आणि ‘अन्य वितरक नेमणार नाही’ ही ओळ नसेल, तर ते फक्त ओळखपत्र आहे. अशा वेळी एरिया मॅनेजरला तोंडी विचारू नका. त्याच दिवशी कंपनीला ईमेल करा: ‘आपल्या आजच्या पत्रानुसार आम्ही पुढील पाच तालुक्यांसाठी एकमेव वितरक आहोत, असे आम्ही समजतो.’ मग त्याचं लेखी उत्तर मिळेपर्यंत पहिली मोठी ऑर्डर रोखून धरा.